काळे नख, रुतलेले नख आणि बुटाचा टो बॉक्स: लांबी कमी पडते की उंची, हे कसे ओळखावे

लांब अंतर धावणाऱ्याच्या पायाचे नख काळे पडले की सल्ला ठरलेला असतो: बूट अर्ध्या साइजने मोठा घ्या. पुष्कळदा तो लागूही पडतो. मात्र अर्धी साइज वाढवूनही अंगठ्याचे नख पुन्हा त्याच जागी काळे पडते, किंवा अंगठा सुधारतो आणि शेजारचे बोट दुखू लागते, असे अनुभव धावणाऱ्यांमध्ये कमी नाहीत. याचे कारण असे की बोटांभोवतीच्या जागेला, म्हणजे टो बॉक्सला, लांबीइतकीच उंचीही असते, आणि साइज वाढवल्याने मुख्यतः लांबी वाढते. बूट बदलण्याआधी नखाला मार समोरून बसतो की वरून, एवढे ठरवता आले तर उपाय सहसा सोपा निघतो, आणि अनेकदा तर नवा बूट घ्यावाही लागत नाही.

नखाखाली नेमके काय होते

नखाच्या कठीण पापुद्र्याखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला मऊ थर असतो आणि त्याच्या लगेच खाली हाड असते. धावताना प्रत्येक पावलाला बुटाचा कोणताही भाग नखाला जरासा ढकलत राहिला, तर नख या मऊ थरावरून किंचित उचलले जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त नख व हाड यांच्यामधल्या अरुंद जागेत साठते. एका पावलाचा धक्का जाणवतही नाही, पण तासाभराच्या धावण्यात तो प्रत्येक पायावर हजारो वेळा बसतो. रक्त हळूहळू साठले तर रंग बदलतो पण दुखत नाही. एकदम साठले तर दाब वाढून ठणका लागतो.

नख रुतण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे नखाची कड बाजूच्या मांसात घुसते. मूळ दोष बहुधा नख कापण्याच्या पद्धतीत असतो, पण त्या कडेला मांसात ढकलण्याचे काम बूट करतो: टो बॉक्स निमुळता असेल तर बाजूने दाबून, आणि उथळ असेल तर नखाला वरून खाली दाबून. घामाने मऊ झालेल्या त्वचेत ती कड आणखी सहज शिरते.

पहिली पायरी: डाग कुठे आहे ते पाहा

डाग ताजा असताना, म्हणजे धावल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत, चांगल्या उजेडात नख नीट न्याहाळावे. डाग नखाच्या पुढच्या कडेपासून सुरू होऊन मागे पसरलेला असेल, बोटाचे टोक दाबल्यावर हुळहुळत असेल आणि नखाची पुढची कड झिजलेली किंवा चिरलेली असेल, तर नख समोर आपटत आहे. याउलट डाग नखाच्या मधोमध किंवा मुळाकडे असेल, पुढची कड स्वच्छ गुलाबी असेल आणि नखावर वरून बोट दाबल्यास दुखत असेल, तर संशय बुटाच्या छतावर घ्यावा.

जुना डाग वाचताना इथेच फसगत होते. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते आणि साठलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. आज टोकापाशी दिसणारा डाग चार-पाच महिन्यांपूर्वी सहा-सात मिलिमीटर मागे उमटलेला असू शकतो. म्हणून जुना डाग पाहताना तो किती महिन्यांचा आहे हे आठवावे आणि तेवढे अंतर मनात मागे न्यावे, नाहीतर उंचीचा दोष लांबीच्या नावावर जमा होतो.

आणखी एक अपवाद आहे. बूट फारच आखूड असेल तर समोरचा धक्का पूर्ण नखाला मागे ढकलतो आणि नखाचे मागचे टोक मुळाजवळच्या त्वचेत घुसते. तेव्हा मुळाशी लालसर सूज येते, नखाची वाढ थांबल्यासारखी वाटते आणि कधीकधी जुन्या नखाखाली नव्या नखाचा थर तयार होतो. मुळाशी सूज आहे आणि पुढची कडही झिजलेली आहे, अशी जोडी दिसली तर दोष लांबीचाच समजावा. ही सूज घरी बरी करण्याच्या फंदात न पडता डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी पायरी: लांबी मोजा, पण पायावर भार असताना

लांबी मोजायला फूटपट्टी आणि बुटातला इनसोल एवढेच पुरे. इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवावा, धावताना घालतो तेच मोजे घालून त्यावर उभे राहावे, टाच मागच्या कडेला बरोबर लावावी आणि पूर्ण वजन त्याच पायावर घ्यावे. मग सर्वांत लांब बोटाच्या टोकापासून इनसोलच्या पुढच्या कडेपर्यंत किती जागा उरते ते मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही; अनेकांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा पुढे असते, आणि दुकानात अंगठा चाचपून बूट घेणाऱ्या अशा लोकांचे दुसऱ्या बोटाचे नख हमखास काळे पडते. दोन्ही पाय मोजावेत आणि हिशेब मोठ्या पायाचा धरावा.

ही मोजणी सकाळी एकदा आणि लांब धावून आल्याबरोबर एकदा करावी. उभे राहिल्यावर कमान थोडी सपाट होऊन पाऊल लांबते आणि बराच वेळ धावल्यावर सुजेमुळे आणखी भरते. धावून आल्यावरही सुमारे दहा ते बारा मिलिमीटर जागा उरत असेल तर लांबी पुरेशी आहे. ती सहा-सात मिलिमीटरवर आली असेल तर सपाट रस्त्यावर कदाचित निभावेल, उतारावर मात्र नाही, कारण उतारावर प्रत्येक पावलाला पाऊल बुटात पुढे घसरते.

या घसरण्यामुळेच जास्त लांब बूटही नख काळे करतो, आणि हे अनेकांच्या पचनी पडत नाही. बूट लांब घेतला की बहुधा तो मधल्या भागातही सैल येतो, लेस पावलाला धरून ठेवत नाही आणि पाऊल पुढे जाऊन आपटते. समोर वीस मिलिमीटर जागा असूनही टोकाचे नख काळे पडत असेल, तर आणखी मोठ्या बुटाकडे वळण्याऐवजी लेस तपासावी. सर्वांत वरच्या, टाचेजवळच्या जादा छिद्रातून लेस त्याच बाजूला ओवून छोटा फास करावा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून काढावी आणि मग खाली ओढून बांधावी. टाच मागे बसते आणि घसरण लक्षणीय कमी होते. बूट बांधल्यावर उतारावर उभे राहून दोन-तीन वेळा पाय पुढे दाबावा. बोटे समोर टेकली तर बांधणी अजून ढिली आहे.

तिसरी पायरी: उंची तपासा

उंची फूटपट्टीने थेट मोजता येत नाही, म्हणून ती खुणांवरून ओळखावी लागते. सर्वांत बोलकी खूण जुन्या बुटात मिळते. अंगठ्याच्या नखावर येणाऱ्या जागी वरचे जाळीदार कापड विरळ झाले आहे का, भोक पडले आहे का, हे पाहावे; नंतर आत हात घालून छताचे अस्तर बोटांनी चाचपावे. घासलेली गुळगुळीत जागा किंवा निघालेले धागे लागले तर नख तिथे घासत आहे. हीच खूण अगदी पुढच्या भिंतीवर असेल तर ती लांबीची.

दुसरी तपासणी बूट घालून करावी. लेस बांधून उभे राहावे आणि फक्त अंगठा वर उचलावा. छताचे कापड ठळकपणे फुगून वर आले, किंवा नखावर ताण जाणवला, तर उंची कमी आहे. ही चाचणी उगाच नाही: पाय हवेत पुढे येत असताना आपण सारेच बोटे थोडी वर उचलतो, पण काही धावणारे अंगठा फार जोराने उचलतात. त्यांच्या अंगठ्याचे नख प्रत्येक पावलाला खालून वर छताला लागते. काहींचा अंगठा रचनेनेच टोकाशी वर वळलेला असतो. अशांना साइज कितीही वाढवली तरी त्रास राहतो, कारण अर्ध्या साइजने बूट सुमारे चार मिलिमीटर लांब होतो, पण छताची उंची जेमतेम मिलिमीटरभर वाढते.

तिसरी गोष्ट म्हणजे छत कशाचे आहे. मऊ जाळीचे छत अंगठ्याबरोबर ताणले जाते. त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी किंवा डोंगरवाटांच्या बुटांना असणारे कडक रबरी नाक ताणले जात नाही. अशी पट्टी नेमकी नखावर येत असेल तर त्याच मापाचा दुसरा, सपाट जाळीचा बूट पुरतो.

इथे लांबी आणि उंची एकमेकांत कशा गुंततात तेही समजून घ्यावे लागते. टो बॉक्सचे छत पुढे जाताना घसरगुंडीसारखे खाली उतरते. बूट आखूड असेल तर अंगठा त्या उतरत्या भागात जातो आणि उंचीही कमी पडल्यासारखी वाटते. म्हणून डाग नखाच्या पुढच्या अर्ध्या भागात असेल आणि लांबीही कमी मोजली असेल, तर आधी लांबी दुरुस्त करावी. अंगठा मागे सरकला की छत आपोआप उंच मिळते. लांबी पुरेशी असूनही डाग मधोमध किंवा मुळाकडे येत असेल, तेव्हाच तो निखळ उंचीचा दोष.

एक उदाहरण, आकड्यांसह

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या एका धावपटूचे दोन्ही अंगठ्यांचे नख मुळाकडे आणि डाव्या दुसऱ्या बोटाचे नख टोकाशी काळे पडत होते. इनसोलवर उभे राहून मोजल्यावर डाव्या पायाचा अंगठा टाचेपासून २५९ मिलिमीटर आणि दुसरे बोट २६३ मिलिमीटर भरले. इनसोल २७२ मिलिमीटर लांब होता. म्हणजे अंगठ्यापुढे तेरा मिलिमीटर, पण दुसऱ्या बोटापुढे नऊच. दोन तास धावून आल्यावर दुसरे बोट २६६ वर पोहोचले आणि जागा उरली सहा मिलिमीटर. त्यांच्या मार्गाच्या शेवटी लांब उतार होता. दुसऱ्या बोटाचा हिशेब इथेच लागला.

त्यांनी अर्ध्या साइजने मोठा बूट आधीच घेऊन पाहिला होता. दुसरे बोट सुधारले, अंगठे तसेच राहिले, आणि मोठा बूट निरुपयोगी म्हणून कपाटात गेला. जुन्या बुटाच्या आत हात घातल्यावर अंगठ्याच्या नखाच्या मागच्या भागावर अस्तर घासलेले लागले. इनसोल उचलल्यावर खाली आणखी एक जेलचा इनसोल निघाला, पूर्ण लांबीचा आणि बोटांखाली तीन मिलिमीटर जाड. टाच दुखते म्हणून तो घातला होता, आणि नव्या बुटातही तोच हलवला होता. बूट मोठा झाला, पण छत आणि नख यांच्यातले ते तीन मिलिमीटर कधी परत मिळालेच नाहीत.

त्यावर उपाय तीन झाले. मोठा बूट कपाटातून बाहेर काढला. जेलचा इनसोल कात्रीने कापून फक्त टाचेखालचा तुकडा ठेवला. बोटांकडचे पहिले छिद्र सोडून लेस ओवली, त्यामुळे छतावरचा ताण सैल झाला, आणि टाचेजवळ वर सांगितलेला फास घातला. यांपैकी फक्त पहिला उपाय केला असता तर दुसरे बोट वाचले असते, अंगठे नाही. फक्त इनसोल कापला असता तर उलटे झाले असते. एकाच पायावर दोन वेगळे दोष असू शकतात, म्हणून प्रत्येक नखाचा डाग स्वतंत्रपणे वाचावा.

रुतणाऱ्या नखासाठी काय वेगळे पाहावे

नख रुतत असेल तर कोणत्या बाजूला रुतते हे महत्त्वाचे आहे. अंगठ्याच्या बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या कडेला दुखत असेल तर टो बॉक्स त्या बाजूने फार लवकर आत वळतो. शेजारच्या बोटाकडच्या कडेला दुखत असेल तर दुसरे बोट अंगठ्यावर दाबले जात आहे, आणि त्यामागे पुढचा निमुळतेपणा किंवा फार घट्ट मोजे असतात. इनसोल काढून त्यावर उभे राहिल्यावर बोटे कडेबाहेर ओघळली तर आकार चुकला आहे, आणि तो लांबी वाढवून बरोबर होत नाही. दोन्ही कडा एकदम दुखत असतील आणि नखावर वरून दाबल्यास दोन्हीकडे कळ जात असेल, तर उथळ छत वक्र नखाला खाली दाबून त्याच्या कडा रुतवत आहे.

काळे नख आणि रुतलेले नख यांचा एक थेट दुवाही आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. काळे पडलेले नख गळून पडले की बोटाच्या टोकावरचे मांस, ज्याला आजवर नख दाबून धरत होते, हळूहळू वर उचलले जाते. नवे नख पुढे येताना त्या उंचवट्याला अडते आणि पुढच्या बाजूनेच रुतते. आखूड बूट हे मांस आणखी मागे आणि वर ढकलतो. म्हणून नख गळाल्यावर, ते पूर्ण येईपर्यंत, म्हणजे अंगठ्याच्या बाबतीत वर्ष ते दीड वर्ष, समोरच्या जागेबाबत तडजोड करू नये. नख सुटू लागले असेल तर ओढून काढू नये. सुटलेला भाग तेवढा कापावा आणि उरलेल्याला पट्टीने धरून ठेवावे. त्याखालचे मांस झाकलेले राहिले तर नव्या नखाला वाट सरळ मिळते.

नख कापताना ते सरळ आडवे कापावे, कोपरे आत खोल घेऊ नयेत, आणि पुढे मिलिमीटरभर पांढरी कड ठेवावी. कोपरा खोल कापला की आत राहिलेला बारीक काटा दिसत नाही, पण वाढताना तोच मांसात शिरतो. उलट नख बोटाच्या टोकाबाहेर वाढू दिले तर समोरच्या धक्क्याला तरफ मिळते आणि नख मुळापर्यंत उचलले जाते. मग बूट कितीही योग्य असला तरी उपयोग होत नाही.

नुसती लाली आणि दुखणे असेल तर दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवून, कोरडा करून, नखाच्या कडेखाली कापसाची अगदी बारीक वळी सरकवावी आणि ती रोज बदलावी. पू दिसू लागला, कडेला लाल ओलसर मांस वाढले किंवा चार-पाच दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी, किंवा पायांना बधिरपणा वा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, घरगुती उपाय मुळीच करू नयेत आणि पहिल्याच दिवशी दाखवावे. ठणकणाऱ्या काळ्या नखाला तापवलेल्या सुईने भोक पाडण्याचा सल्लाही धावणाऱ्यांत फिरतो. तो घरी पाळू नये. तेच काम डॉक्टर निर्जंतुक साधनाने पहिल्या एक-दोन दिवसांत करतात, तेव्हाच त्याचा फायदा असतो.

एक डाग मात्र बुटाच्या हिशेबात धरू नये. मार लागल्याचे काही कारण नसताना नखात मुळापासून टोकापर्यंत काळपट उभी पट्टी दिसली, ती महिन्यांमागून महिने पुढे सरकत नसेल, रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या त्वचेवर पसरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. नखाखालचा त्वचेचा कर्करोग असा दिसू शकतो, आणि धावणाऱ्यांमध्ये तो साधे काळे नख समजून दुर्लक्षित होण्याचा धोका जास्त असतो.

शेवटची पायरी: बदल लागू पडला का ते नखावरच मोजा

बूट, इनसोल किंवा लेस बदलल्याच्या दिवशी नखाचा वरून एक फोटो काढावा, शेजारी फूटपट्टी ठेवून. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच पद्धतीने दुसरा काढावा. डाग दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकलेला आणि त्याच्या मागे स्वच्छ गुलाबी पट्टा दिसला तर बदल बरोबर आहे, नख अजून कितीही काळे दिसो. डाग पुढे गेला पण मागे नवा डाग उमटला, तर वरचा दाब शिल्लक आहे आणि उंचीची तपासणी पुन्हा करावी. मागे सारे स्वच्छ आहे पण पुढच्या कडेला नवा रंग चढला, तर लांबी किंवा लेसकडे परत जावे. या काळात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि उतारावरचे धावणे नेहमीइतकेच ठेवावे. ते बंद करून नख स्वच्छ आले तर बूट बरोबर आहे की उतार टळला, हे कळायला मार्ग राहत नाही.